क्रीम रंगाचा ऑक्सिजन

मी तापट आहे असं आमच्या रुग्णालयात सगळे म्हणतात. म्हणू देत. मी भूलतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं झाली माणसांना झोपवतेय आणि उठवतेय. सर्जन आपलं कापाकापीचं काम करतो, पेशंटचा श्वास माझ्या हातात असतो. ज्याच्या हातात दुसऱ्याचा श्वास असतो त्यानं गोड बोलत बसावं अशी अपेक्षा असेल, तर ती माझ्याकडून पुरी व्हायची नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑपरेशन थिएटरकडे निघाले होते. आमचं रुग्णालय पुण्याच्या मध्यवस्तीत आहे, ट्रस्टचं. नव्या इमारतीत थिएटर आणि आयसीयू, तिथे ऑक्सिजन भिंतीतल्या नळीतून येतो. जुन्या इमारतीत जनरल वॉर्ड, तिथे अजून खाटेशेजारी ट्रॉलीवर उभा करायचा सिलिंडर असतो. जिन्याखाली या भरलेल्या सिलिंडरांची रांग असते. इतकी वर्षं मी त्या रांगेवरून जाता जाता नजर टाकत आलेय. काळं अंग, पांढरा खांदा. काळं अंग, पांढरा खांदा. तेवढं दिसलं की मन निर्धास्त होतं.

त्या दिवशी तिथे क्रीम रंगाचे सिलिंडर उभे होते. नखशिखान्त क्रीम, पोटावर पोपटी पट्टा, पट्ट्यावर रुग्णालयाचं नवं बोधचिन्ह आणि खाली झोकदार अक्षरांत ‘ऑक्सिजन’ असं स्टिकर. गळ्यात झेंडूच्या माळा, परवाच्या, सुकायला लागलेल्या. मानेवर हळदकुंकू.

मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. मग बोट लावून बघितलं. रंग पक्का वाळला होता. मी थिएटरला फोन करून सांगितलं, पहिली केस मी म्हणेपर्यंत सुरू करायची नाही, आणि तशीच मागे वळून प्रशासकांच्या केबिनमध्ये गेले.

आमचे प्रशासक यज्ञेश्वर सर. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणते, पण आधीची पंधरा वर्षं त्यांनी हॉटेलांत काढली. रुग्णालयात आल्यापासून त्यांना सगळ्यात आधी खटकलं ते इथलं दिसणं. पडदे बदलले, खुर्च्या बदलल्या, वॉर्डबॉयना पोपटी टीशर्ट आले. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पोपटी टीशर्टानं कुणी मरत नाही.

त्यांच्या केबिनमध्ये देखभाल विभागाचे हिंमतराव बसले होते. जनरेटर, लिफ्ट, पंप, सिलिंडरांची ने-आण, सगळं त्यांच्याकडे. दरवर्षी खंडेनवमीला हिंमतराव आपली सगळी यंत्रं धुऊनपुसून, रंगाचा हात देऊन मागच्या अंगणात मांडतात. पाने, हातोडे, लिफ्टची जुनी मोटर, वेल्डिंगचं मशीन. पूजा होते, पेढे वाटले जातात. छान प्रथा आहे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करावा. मीसुद्धा पेशंटच्या घशात बघायच्या माझ्या लॅरिंगोस्कोपला फूल वाहते.

“सिलिंडर कुणी रंगवले?” मी दारातूनच विचारलं.

“या ना मॅडम, बसा,” यज्ञेश्वर सर हसून म्हणाले. “आवडले? खंडेनवमीला हिंमतराव सगळ्यालाच रंग देतात, तर म्हटलं यंदा आपल्या ब्रँडच्याच रंगात होऊन जाऊ दे. ते काळे सिलिंडर किती डिप्रेसिंग वाटायचे हो. विश्वस्तांनासुद्धा फोटो फार आवडले.”

“फोटो?”

“अंगणात ओळीने उभे करून काढलेत. आपल्या पेजवर टाकलेत.”

मी बसले नाही. “सर, तो काळा रंग आमच्या आवडीचा नव्हता. तो रंग म्हणजे त्या सिलिंडरचं नाव आहे. काळं अंग आणि पांढरा खांदा म्हणजे माणसाला द्यायचा ऑक्सिजन. सगळाच निळा म्हणजे नायट्रस, मी भुलीत वापरते तो. सगळा राखाडी म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायचा कार्बन डायऑक्साइड. राखाडी अंग आणि काळी मान म्हणजे नायट्रोजन. लाल म्हणजे हायड्रोजन. हे कुणाच्या हौसेनं ठरलेलं नाही. देशाचं मानक आहे, त्याच्यामागे कायदा आहे. भरलेल्या सिलिंडरचा रंग आपल्या मर्जीनं बदलणं गुन्हा आहे. आणि हे सिलिंडर आपले तरी आहेत का? ते गॅस पुरवणाऱ्याचे. शेजाऱ्याच्या घराला आपल्या पसंतीचा रंग देऊन आलात तुम्ही.”

“पण मॅडम, स्टिकर लावलंय ना. मोठ्या अक्षरांत. लोकांना वाचता येतं.”

“नाव वाचायचंच असतं, सर. रंग बघून कुणी नाव वाचायचं सोडत नाही, सोडू नये. पण रंग आधी बोलतो. वॉर्डच्या त्या टोकाला पेशंट निळा पडतोय आणि सिस्टर या टोकाला सिलिंडर शोधतेय, तेव्हा तिला लांबून जे दिसतं तो रंग. गाडीतून उतरवणारा हमाल बिहारचा असतो, नर्स केरळची असते, आग लागली तर येणारा बंबवाला आमच्या पेठेतला असतो. सगळ्यांना एकच भाषा यायला हवी म्हणून ते रंग ठरवलेत. गॅसच्या प्लांटवर भरणारा माणूससुद्धा आधी रंग बघतो, तो जुळला नाही तर भरत नाही. प्रत्येक रुग्णालयानं आपापला ब्रँड काढला तर काय होईल? इथे क्रीम म्हणजे ऑक्सिजन आणि पुढच्या चौकात क्रीम म्हणजे नायट्रस?”

“ओके, ओके,” यज्ञेश्वर सर हात वर करून म्हणाले. “पुढच्या लॉटपासून नाही रंगवणार. पण आत तर ऑक्सिजनच आहे ना? आतलं कुठे आपण बदललंय?”

यावर मला खरं तर चार शब्द सुनावायचे होते. पण माझं लक्ष हिंमतरावांकडे गेलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

“हिंमतराव,” मी म्हटलं, “पूजेला फक्त वॉर्डचेच सिलिंडर होते का?”

“नाही बाई,” ते म्हणाले. “लॅबचे पण होते.”

आमच्या आवारातच, तळमजल्यावर, आमच्याच ट्रस्टच्या कॉलेजची प्रयोगशाळा आहे. तिथे नमुने वाळवायला नायट्रोजन लागतो. तोच मोठा सिलिंडर, तीच उंची, तेवढाच जाड. आणि आमच्याकडे येणाऱ्या या मोठ्या सिलिंडरांत ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या तोंडाचे आटेसुद्धा सारखेच. एकाचं रेग्युलेटर दुसऱ्याला बिनबोभाट बसतं. छोट्या सिलिंडरांना निदान वेगवेगळ्या जागी भोकं असतात, चुकीचं जोडायला गेलं तर बसतच नाही. या मोठ्यांना तेही नाही. रंग आणि नाव, दोनच राखणदार. ते दोन्ही आम्ही क्रीम रंगाखाली गाडून टाकले होते.

“मग वॉर्डचे कुठले आणि लॅबचे कुठले हे कसं ठरवलंत?”

“डावीकडं लॅबचे ठेवले होते,” हिंमतराव म्हणाले. “माझ्या पक्कं ध्यानात होतं. रंग वाळल्यावर त्याच हिशोबानं स्टिकर लावायचे होते.”

“लावायचे होते म्हणजे?”

ते यज्ञेश्वर सरांकडे बघत राहिले. सर म्हणाले, “स्टिकर लावायच्या आधी फोटोग्राफरनं थोडी रीअरेंजमेंट केली होती. रांगोळी झाकली जात होती म्हणून.”

मला आठवतं, त्या क्षणी मी ओरडले नाही. माझा आवाज एकदम खाली गेला, आणि मला ओळखणारे लोक त्या आवाजाला जास्त घाबरतात. “हिंमतराव, तुम्हाला वीस वर्षं झाली. तुम्हाला रंग माहीत नव्हते असं मला सांगू नका.”

“माहीत होते बाई.”

“मग?”

“सायबांनी डबे आणून दिले. मी म्हणलो एकदा, की असं करत नसतात. सायब म्हणले, मॉडर्न व्हा. मग काय बोलायचं.”

खरं सांगते, मला यज्ञेश्वर सरांपेक्षा त्या क्षणी हिंमतरावांचा जास्त राग आला. ज्याला माहीत नाही तो अडाणी. ज्याला माहीत आहे आणि जो गप्प बसतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

“यातला एखादा वर वॉर्डात गेलाय का?” मी विचारलं.

“आत्ताच एक नेला,” हिंमतराव म्हणाले. “बायकांच्या वॉर्डात. सिस्टरचा फोन आलता, जुना संपत आलाय म्हणून.”

मी पळाले. पन्नाशीची बाई साडी खोचून जिना चढत पळताना कशी दिसते ते बघायला बरेच लोक थांबले होते.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर कांताबाई होत्या. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. जन्मभर उसाच्या रानात खुरपणी आणि घरी चुलीपुढे भाकऱ्या. तंबाखू कधी खाल्ली नाही, बिडी कधी ओढली नाही, पण चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झाली होती. मुलगा सौरभ खराडीच्या आयटी पार्कात नोकरीला लागल्यावर त्यानं घरी गॅस आणला, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. दम वाढला म्हणून चार दिवसांपूर्वी दाखल झाल्या होत्या आणि थोड्याशा ऑक्सिजनवर चांगल्या सुधारत होत्या. आदल्या दिवशी मी सहज डोकावले तर आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून म्हणाल्या होत्या, “सोनं घ्या बाई. दवाखान्यात हाय म्हणून काय झालं.”

आता त्या उशीवर मान टाकून पडल्या होत्या. ओठ जांभळट. नाकातली नळी काढून तोंडावर पिशवीचा मास्क लावलेला. शेजारी क्रीम रंगाचा सिलिंडर, पोपटी पट्ट्याचा, त्याच्या गळ्यात अजून एक झेंडूचं फूल अडकलेलं. नम्रता सिस्टर गॅस कमीजास्त करायची फ्लोमीटरची चावी फिरवत होती. खाटेच्या पलीकडे सौरभ उभा होता.

“मॅडम, बरं झालं आलात,” नम्रता म्हणाली. “सिलिंडर बदलल्यापासून सॅच्युरेशन पडतंय. नव्वद होतं, ऐंशीवर आलं, मी फ्लो वाढवला तर सत्तर. म्हणून पिशवीचा मास्क लावून दहा लिटरवर नेलं तर अजूनच खाली. एकसष्ट आहे. पूर्ण सोडते आता.”

“वाढवा ना सिस्टर, वाढवा,” सौरभ म्हणत होता.

जिला बारा वर्षांचा अनुभव आहे, अशी कुठलीही नर्स हेच करेल. पेशंटचा ऑक्सिजन पडला, ऑक्सिजन वाढवा. मीही हेच शिकवत आलेय. आणि ती जेवढं वाढवत होती तेवढा तो नायट्रोजन त्या म्हातारीच्या छातीत जास्त भरत होता. बाहेरच्या साध्या हवेत निदान एक पंचमांश ऑक्सिजन असतो. त्या घट्ट बसलेल्या मास्कमध्ये तेवढाही उरला नव्हता.

“मास्क काढा,” मी म्हटलं.

नम्रता माझ्याकडे बघतच राहिली. “मॅडम, एकसष्ट आहे.”

“मास्क काढा! सिलिंडर बंद करा!”

मी स्वतः हात घातला तर सौरभनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. “काय करताय तुम्ही? माझ्या आईचा ऑक्सिजन काढताय? सिस्टर, यांना बाजूला करा! हॅलो, कुणीतरी व्हिडिओ काढा रे!”

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मी चावले असते. पण तेव्हा समजावत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “यात ऑक्सिजन नाहीये!” आणि दुसऱ्या हातानं मास्क ओढून काढला. तो चपापला, पकड सैल झाली, आणि मी खाटेच्या डोक्याशी गेले.

“अंबू बॅग. नळी जोडू नका, कशालाच जोडू नका. नुसती हवा.”

नम्रता हुशार पोरगी आहे. तिला कळलं की नाही मला माहीत नाही, पण तिनं प्रश्न विचारला नाही. हातानं दाबून श्वास द्यायची ती पिशवी माझ्या हातात आली. मी कांताबाईंची हनुवटी वर उचलली आणि साधी हवा द्यायला लागले. पेठेतली हवा. रिक्षांच्या धुराची, फोडणीची, अगरबत्तीची हवा. पिशवी दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. आकडा काही वेळ तिथेच चिकटून बसला होता. मग चौसष्ट झाला. मग सत्तर. सौरभ माझ्या खांद्यामागून तो आकडा मोठ्यानं वाचत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज जास्त चिरका होत होता.

ऐंशी ओलांडल्यावर कांताबाईंनी डोळे उघडले आणि माझा हात ढकलायचा प्रयत्न केला. त्या ढकलण्याइतका गोड स्पर्श मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. खालच्या ॲम्ब्युलन्समधला छोटा सिलिंडर तेवढ्यात वर आला. काळं अंग, पांढरा खांदा. मी नावही वाचलं. मग जोडला.

तिथूनच मी लॅबला फोन लावला. तिथले प्रमुख सौमित्र नमुन्यांची तयारी करत होते. “तुमच्याकडे क्रीम रंगाचा सिलिंडर आलाय?” मी विचारलं.

“आलाय. ‘नायट्रोजन’ लिहिलेला. आत्ता जोडतच होतो. हा काय प्रकार आहे मॅडम?”

“हात लावू नका. त्यात ऑक्सिजन असू शकतो.”

सौमित्र ते नमुने ज्या द्रावणातून वाळवतात ते पेट्रोलसारखं भपकन पेटतं. नायट्रोजन त्याला आग लागू देत नाही. त्याच्या जागी ऑक्सिजन सोडला असता आणि एक ठिणगी मिळाली असती, तर सौमित्रांच्या घरी जाऊन काय सांगायचं हे यज्ञेश्वर सरांना ब्रँडच्या माहितीपुस्तकात बघावं लागलं असतं. सौमित्र एवढंच म्हणाले, “सगळ्यांना बाहेर काढतो.”

मग मी हिंमतरावांना वर बोलावलं. वॉर्डातला तो सिलिंडर बाहेर व्हरांड्यात नेला आणि त्यांना पटाशीनं खांद्यावरचा रंग खरवडायला लावला. प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर धातूतच अक्षरं ठोकलेली असतात, त्याचा नंबर, तपासणीची तारीख, गॅसची खूण. हिंमतरावांनी इतक्या मनापासून दोन हात मारले होते की ती अक्षरं रंगानं बुजून गेली होती. क्रीम निघालं, त्याखाली काळी मान निघाली, खाली राखाडी अंग निघालं, आणि मग धातूतला इंग्रजी एन आणि त्याच्या पायाशी दोन. हिंमतराव पटाशी हातात धरून खाली बसले. मी त्यांना उठवलं नाही.

बाकीचे सगळे सिलिंडर मी एका खोलीत बंद करून किल्ली पदराला बांधली. पुरवठादाराला फोन केला, तो म्हणाला की असले रंगवलेले सिलिंडर त्यांचा प्लांट भरणार तर नाहीच, पण आधी सगळे रिकामे करून, तपासून, परत रंगवून घ्यायला लागतील. जुन्या इमारतीतले ऑक्सिजनवरचे पेशंट नव्या इमारतीत हलवले; कांताबाईंना मात्र एवढ्यात हलवायला नको म्हणून खाटेशीच नवा सिलिंडर मागवला. माझी थिएटरची यादी सगळी पुढे ढकलली. दुपारपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

आणि दुपारी यज्ञेश्वर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, तुम्ही आज जे केलंत त्याबद्दल ट्रस्ट ऋणी आहे,” त्यांनी सुरुवात केली. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी मान्य करते. “आता आपण हे हँडल कसं करायचं ते बघू. मी विश्वस्तांशी बोललो. पेशंटला आधीचाच फुप्फुसाचा आजार आहे. असे चढउतार होतातच. आणि दुसरं म्हणजे, सिलिंडर जोडण्याआधी तपासायची जबाबदारी सिस्टरची असते. तुमच्याच प्रोटोकॉलमध्ये आहे. तर नम्रता सिस्टरना एक नोटीस…”

“काय तपासायला हवं होतं तिनं?”

“सिलिंडर.”

“तिनं तपासला. तुमचं स्टिकर वाचलं तिनं. मोठ्या अक्षरांत. लोकांना वाचता येतं, तुम्हीच म्हणालात.”

त्यांनी समोरची फाइल मिटली.

“तुम्ही तिचे डोळे काढून घेतलेत आणि आता विचारताय, तुला दिसलं कसं नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला एक सांगू? वाईट नर्स असती तर कांताबाई वाचल्या असत्या. आळशी नर्स असती, आकडा न बघता चहा पीत बसली असती, तर दोन लिटरवर नाकातली नळी तशीच राहिली असती आणि म्हातारी आजूबाजूची हवा ओढत तग धरून राहिली असती. नम्रतानं चांगलं काम केलं म्हणून पेशंट मरायला टेकला. शहाण्या माणसाच्या शहाणपणाचंच विष केलंत तुम्ही, आणि त्याची नोटीस तिला?”

“मॅडम, आवाज जरा…”

“आवाज माझा आहे, मी भरलाय, त्याचा रंग तुम्ही बदलायचा नाही.” एरवी हे बोलल्यावर मलाच थोडं हसू आलं असतं. “नोटीस निघाली तर सिलिंडरांचा कायदा बघणाऱ्या खात्याकडे मी आजच तक्रार देते. आणि नाही निघाली तरी देते. आता उठा.”

“कुठे?”

“वॉर्डात. काय घडलं ते कांताबाईंच्या मुलाला सांगायचंय. मी सांगेन, पण तुम्ही तिथे उभं राहायचं.”

ते आले. मला वाटलं नव्हतं येतील, पण आले.

कांताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी, शेजारी ट्रॉलीवर नवीन मागवलेला काळा सिलिंडर. चहाचा अर्धा कप हातात. नम्रता पायथ्याशी उभी होती, डोळे सुजलेले. सौरभ स्टुलावर बसला होता. मला बघून उठला आणि माझ्या मनगटाकडे बघायला लागला.

मी त्याला सगळं सांगितलं. रंग, पूजा, फोटो, स्टिकर, काही लपवलं नाही. ‘तांत्रिक बिघाड’ असं कुठे म्हटलं नाही. यज्ञेश्वर सर खिडकीच्या कठड्याला हात टेकून उभे होते. शेवटी सौरभ म्हणाला, “मी सिस्टरना म्हणत होतो, वाढवा. मीच म्हणत होतो.”

“तुम्ही बरोबर म्हणत होता,” मी म्हटलं.

“आणि तुमचा हात धरला होता. मी सोडला नसता तर…”

असल्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही आणि खरं देववत नाही. या पोरानं आईसाठी चूल बंद केली, पहिल्या पगारात शेगडी आणली, आणि त्याच्या डोक्यात आता जन्मभर हे राहणार. नम्रताच्याही राहणार. ज्यांचं काही चुकलं नाही त्या दोघांच्या. माझा सगळा राग या एका गोष्टीचा आहे, अजून आहे.

कांताबाईंना आमचं बोलणं किती कळलं होतं कोण जाणे. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि माझा पदर ओढला.

“बाई, सकाळी कुठला आणला हुता वो? तो गोऱ्या रंगाचा?”

“का हो?”

“ते बरं हुतं. काय तरास नाय, दम नाय. कशी गुंगी यायली हुती गोड. माझी आय दिसली त्याच्यात.” त्यांनी नाकातली नळी बोटानं चाचपली. “ह्या काळ्यात नुसती जाग येती. रातच्याला झोपताना त्योच लावा की मला.”

नायट्रोजनचं हेच असतं. गुदमरत नाही. छाती वरखाली होत राहते आणि माणूस सुखानं जातो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, कारण सांगायला सहसा कुणी परत येत नाही.

नम्रता तोंडावर हात धरून बाहेर गेली. सौरभ यज्ञेश्वर सरांकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता.

“सर,” तो म्हणाला, “तो का नाही लावायचा ते आईला सांगा ना. तुम्ही सांगा.”

कांताबाई आशेनं त्यांच्याकडे बघत होत्या. मोठे साहेब दिसतायत, यांनी मनावर घेतलं तर मिळेल, अशा नजरेनं. यज्ञेश्वर सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलायची पाळी त्यांची होती.